थर्मासमधे बर्फ आणि पाणी: इन्सुलेटेड भांड्यातली एन्ट्रॉपी किती वाढते ते कसं काढायचं

थर्मोडायनॅमिक्समधला एक प्रश्न असा आहे की पोरं तो सोडवायच्या आधीच चुकतात. प्रश्न साधा असतो, इन्सुलेटेड भांड्यात कोमट पाणी आहे, त्यात बर्फ टाकला, एकूण एन्ट्रॉपी किती बदलली. माझ्याकडे नाशिकरोडला बारावीची आणि एफवाय बीएस्सीची मुलं येतात, आणि दरवर्षी कुणीतरी हमखास म्हणतं, "सर, भांडं इन्सुलेटेड आहे ना, म्हणजे Q झिरो, मग ΔS पण झिरो, उत्तर झालं." एवढ्या आत्मविश्वासानं सांगतात की बाकीचेही वहीत शून्य लिहून मोकळे होतात.

उत्तर शून्य नाहीये. आणि ते का नाही हे नीट कळलं की बाकीचं सगळं गणित म्हणजे चार ओळींचा हिशोब आहे, म्हणून आधी तिथेच थांबू.

ΔS = Q/T हे जे सूत्र आपण पाठ करतो त्यातला Q कुठलाही नाही, तो रिव्हर्सिबल पद्धतीनं दिलेल्या उष्णतेचा Q आहे. रिव्हर्सिबल म्हणजे उष्णता देणारा आणि घेणारा यांच्या तापमानात जवळजवळ फरकच नाही, इतका कमी की किंचित इकडेतिकडे केलं तर उष्णता उलटी वाहायला लागेल. ३० अंशाच्या पाण्यात ० अंशाचा बर्फ टाकल्यावर असं काही होत नाही, उष्णता धडाधड एकाच दिशेनं जाते आणि ते पाणी आपोआप परत ३० अंशाला जाऊन बर्फ पुन्हा गोठत नाही. अशा प्रोसेससाठी क्लॉसियसची इनइक्वॅलिटी एवढंच सांगते की ΔS हा Q/T पेक्षा जास्त असणार. भांड्याच्या बाहेरून Q शून्य आला म्हणून ΔS शून्यापेक्षा जास्त, इतकंच त्यातून कळतं, किती जास्त ते कळत नाही. इन्सुलेशनमुळे बाहेरच्या हवेची एन्ट्रॉपी बदलत नाही हे मात्र खरं, आणि त्याचा फायदा हा की जे काही वाढलं ते सगळं आतच शोधायचं, बाहेर बघायची गरज नाही.

मग किती वाढलं ते काढायचं कसं? इथे एक गोष्ट कामाला येते, एन्ट्रॉपी ही स्टेट फंक्शन आहे. पाणी ३० अंशावरून ८ अंशावर आलं तर त्याच्या एन्ट्रॉपीतला फरक तेवढाच राहणार, ते बर्फ टाकून आलं की फ्रिजमधे ठेवून आलं याच्याशी त्या फरकाला देणंघेणं नाही. म्हणून आपण खरी प्रोसेस बाजूला ठेवायची आणि प्रत्येक वस्तूसाठी मनातल्या मनात एक निवांत, रिव्हर्सिबल रस्ता धरायचा. पाण्यासाठी असं समजा की ते आधी २९.९९ अंशाच्या वस्तूला टेकवलं, मग २९.९८ च्या, असं करत करत खाली आणलं. प्रत्येक पायरीला थोडीशी उष्णता त्या वेळच्या तापमानाला भागायची आणि सगळ्याची बेरीज करायची. ती बेरीज म्हणजेच इंटिग्रेशन, आणि त्यातून येतं

ΔS = m c ln(T₂/T₁)

बर्फ वितळताना तापमान हलतच नाही, ० अंशालाच अडकलेलं असतं, म्हणून तिथे लॉग वगैरे काही नाही, सरळ ΔS = mL/T. बास, ही दोनच हत्यारं. तापमान बदलत असेल तर लॉगवालं, अवस्था बदलत असेल तर भागाकारवालं. दोन्हीमधे T केल्विनमधे.

आता एक गणित शेवटपर्यंत करू. एप्रिलमधे नाशिकला गच्चीवरच्या टाकीचं पाणी सहज ३० अंशाला असतं, तेच घ्या, ४०० ग्रॅम. त्यात ० अंशाचा १०० ग्रॅम बर्फ. भांडं चांगल्यापैकी इन्सुलेटेड, आणि सध्या भांडं स्वतः उष्णता घेत-देत नाही असं धरू (हे खोटं आहे, पण त्याच्याकडे शेवटी येऊ). पाण्याची स्पेसिफिक हीट ४.१८ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति केल्विन, बर्फ वितळायची लेटेंट हीट ३३४ ज्यूल प्रति ग्रॅम.

एन्ट्रॉपीला हात लावायच्या आधी शेवटचं तापमान काढायचं. आणि शेवटच्या तापमानाच्याही आधी एक प्रश्न विचारायचा, सगळा बर्फ वितळणार का? हा प्रश्न न विचारता थेट सूत्रात आकडे घालणं ही दुसरी मोठी चूक. पाणी ० अंशापर्यंत थंड झालं तर जास्तीत जास्त किती उष्णता देऊ शकतं ते बघा:

४०० × ४.१८ × ३० = ५०,१६० ज्यूल

सगळा बर्फ वितळायला लागते:

१०० × ३३४ = ३३,४०० ज्यूल

द्यायची ऐपत मागणीपेक्षा जास्त आहे, म्हणजे बर्फ पूर्ण वितळणार आणि वर १६,७६० ज्यूल उरणार. आता भांड्यात ५०० ग्रॅम ० अंशाचं पाणी आहे असं समजून ही उरलेली उष्णता त्याला परत द्यायची:

१६,७६० ÷ (५०० × ४.१८) = ८.०२ अंश

मला ही पद्धत, म्हणजे आधी सगळं ० ला आणायचं आणि मग शिल्लक वाटायची, "दिलेली उष्णता बरोबर घेतलेली उष्णता" असं मोठं समीकरण मांडण्यापेक्षा बरी वाटते, कारण त्या समीकरणात चिन्हांचा गोंधळ फार होतो आणि बर्फ उरतोय का ते दिसतच नाही. इथे शिल्लक निगेटिव्ह आली की लगेच कळतं.

शेवटचं तापमान केल्विनमधे २८१.१७. आता एन्ट्रॉपी, तीन तुकडे.

पहिला तुकडा, बर्फ वितळला, तापमान २७३.१५ केल्विन:

३३,४०० ÷ २७३.१५ = +१२२.२८ ज्यूल प्रति केल्विन

दुसरा, त्या बर्फाचं जे पाणी झालं ते ० वरून ८.०२ अंशावर गेलं. १०० ग्रॅम गुणिले ४.१८ म्हणजे ४१८:

४१८ × ln(२८१.१७ ÷ २७३.१५) = +१२.१०

हा तुकडा विसरणारे खूप असतात. बर्फ वितळला की त्यांच्या डोक्यातून तो गायब होतो, जणू पाण्यात मिसळला म्हणून हिशोबातूनही गेला. तो १०० ग्रॅम अजून तिथेच आहे आणि तापतोय.

तिसरा, मूळचं ४०० ग्रॅम पाणी ३० वरून ८.०२ ला आलं. ४०० गुणिले ४.१८ म्हणजे १६७२:

१६७२ × ln(२८१.१७ ÷ ३०३.१५) = −१२५.८५

निगेटिव्ह आलं म्हणून घाबरायचं कारण नाही. पाणी थंड झालं, त्याची एन्ट्रॉपी कमी झालीच पाहिजे. एन्ट्रॉपी कधी कमी होत नाही हा नियम पूर्ण आयसोलेटेड सिस्टिमसाठी आहे, तिच्यातल्या एका भागासाठी नाही. लॉगमधे नेहमी शेवटचं तापमान वर आणि सुरुवातीचं खाली ठेवा, चिन्ह आपोआप बरोबर येतं, स्वतःहून प्लस-मायनस लावायला जाऊ नका.

बेरीज:

१२२.२८ + १२.१० − १२५.८५ = +८.५३

राउंडिंग न करता पूर्ण आकडे धरले तर ८.५२ येतं. म्हणजे साधारण ८.५ ज्यूल प्रति केल्विन, हे उत्तर.

आता हा आकडा कुठून आला ते बघा, कारण इथेच खरी मजा आहे. पाण्यानं जेवढे ज्यूल दिले तेवढेच बर्फानं घेतले, एकही ज्यूल जास्त नाही की कमी नाही. पण पाण्यानं ते ३०३ केल्विनच्या आसपास द्यायला सुरुवात केली, त्यामुळे प्रत्येक ज्यूलमागे त्याची एन्ट्रॉपी १/३०३ नी कमी झाली, आणि तोच ज्यूल बर्फानं २७३ ला घेतला, तिथे १/२७३ नी वाढली. १/२७३ मोठा आहे. देणाऱ्याचं नुकसान कमी आणि घेणाऱ्याचा फायदा जास्त, हा फरक साठत साठत ८.५ झाला. पाणी जसजसं थंड होत जातं तसतसा प्रत्येक ज्यूलमागचा हा फरक लहान होतो, आणि दोघांचं तापमान एक झालं की शून्य होतो, तेव्हा उष्णता वाहायचीही थांबते.

याच विचारातून उत्तर तपासायची एक पद्धत मिळते आणि ती मी सगळ्यांना करायला लावतो. समजा पाण्यानं सगळी उष्णता ३०३.१५ लाच दिली असती आणि बर्फानं सगळी २७३.१५ लाच घेतली असती, तर एन्ट्रॉपी जास्तीत जास्त वाढली असती. खऱ्या प्रोसेसमधे पाणी खाली येतं आणि बर्फाचं पाणी वर जातं, म्हणून खरं उत्तर याच्यापेक्षा कमीच असलं पाहिजे. म्हणजे

० < ΔS < Q × (1/T थंड − 1/T गरम)

आपल्या गणितात पाण्यानं दिलेली उष्णता १६७२ × २१.९८ म्हणजे साधारण ३६,७५० ज्यूल. कंसातला आकडा ०.०००३६२३. गुणाकार १३.३. आपलं उत्तर ८.५, शून्य आणि १३.३ च्या मधे, ठीक आहे. हे करायला अर्धा मिनिट लागतो आणि बऱ्याच चुका इथेच पकडल्या जातात. उदाहरणार्थ मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ln च्या ऐवजी log बटण दाबलं गेलं, जे फार होतं, तर लॉगवाले दोन तुकडे २.३०३ पट लहान येतात पण वितळण्याचा तुकडा तसाच राहतो, आणि बेरीज येते ७२.९. १३.३ च्या कितीतरी वर. उत्तर निगेटिव्ह आलं तर बहुतेक दुसरा तुकडा गेलेला असतो, आपल्याच गणितात तो काढून बघा, १२२.२८ − १२५.८५ म्हणजे −३.५७ येतं. आयसोलेटेड सिस्टिमची एन्ट्रॉपी कमी झाली असं उत्तर आलं की पेन खाली ठेवून मागे जायचं, पुढे नाही.

बर्फ जास्त असेल तर काय? तेच पाणी ठेवा, ४०० ग्रॅम ३० अंशाचं, आणि बर्फ २०० ग्रॅम करा. आता मागणी ६६,८०० ज्यूल आणि पाण्याची ऐपत तीच ५०,१६०. पुरत नाही. ज्यांनी सुरुवातीचा प्रश्न विचारला नाही ते सूत्रात आकडे घालतात आणि शेवटचं तापमान −६.६ अंश काढतात, म्हणजे ३० अंशाच्या पाण्यात ० अंशाचा बर्फ टाकून दोघांपेक्षाही थंड काहीतरी मिळालं. असं तापमान दिसलं की समजायचं सगळा बर्फ वितळलेला नाही. खरं काय होतं की पाणी ० ला येऊन थांबतं आणि उरलेला बर्फ तसाच तरंगतो. वितळलेला बर्फ ५०,१६० ÷ ३३४ म्हणजे १५० ग्रॅम, उरला ५० ग्रॅम.

एन्ट्रॉपी उलट सोपी झाली, दोनच तुकडे. बर्फाची बाजू ५०,१६० ÷ २७३.१५ = +१८३.६४, पाण्याची बाजू १६७२ × ln(२७३.१५ ÷ ३०३.१५) = −१७४.२३, बेरीज +९.४. न वितळलेल्या ५० ग्रॅमची एन्ट्रॉपी बदललीच नाही, तो आधीही ० अंशाचा बर्फ होता आणि नंतरही आहे, म्हणून ३३४ ला २०० नी गुणायचं नाही, १५० नी गुणायचं.

गरम आणि थंड पाण्याचं मिश्रण म्हणजे याचाच वितळणं वगळून उरलेला भाग, त्यामुळे त्याच्यावर फार वेळ घालवत नाही, पण एक चूक दाखवायला ते उदाहरण चांगलं आहे. २०० ग्रॅम पाणी ८० अंशाचं, २०० ग्रॅम २० अंशाचं, मिसळून ५० अंश. प्रत्येकाचा m c ८३६.

गरम: ८३६ × ln(३२३.१५ ÷ ३५३.१५) = −७४.२२
थंड: ८३६ × ln(३२३.१५ ÷ २९३.१५) = +८१.४५
एकूण: +७.२३

आता कुणी केल्विन न करता सेल्सिअसच ठेवलं, ln(५० ÷ ८०) आणि ln(५० ÷ २०), तर येतं ३७३. पन्नासपट चूक, पण चिन्ह बरोबर, युनिट बरोबर, दिसायला व्यवस्थित उत्तर. बर्फाच्या गणितात ही चूक लपत नाही कारण ० नी भागायची वेळ येते आणि कॅल्क्युलेटर एरर देतो. इथे मात्र एरर येत नाही, गप्प बसतो. म्हणून वरची तपासणी करायची: Q = ८३६ × ३० = २५,०८० ज्यूल, त्याला (1/293.15 − 1/353.15) नी गुणलं की १४.५. ७.२३ त्याच्या निम्म्यावर आहे, बरोबर, आणि ३७३ सरळ बाद. तापमानातला फरक काढताना, म्हणजे m c ΔT मधे, सेल्सिअस चालतं आणि त्यामुळेच पोरं फसतात, पहिल्या भागात चाललं म्हणून पुढेही तेच नेतात. भागाकार आला की केल्विन, वजाबाकीत काहीही चालेल.

राउंडिंगबद्दल थोडं बोलायला हवं, कारण हे गणित त्या बाबतीत नाजूक आहे. बघा, १३४ मधून १२६ वजा करून ८.५ काढतोय आपण. दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करून लहान आकडा काढला की मोठ्या आकड्यांतली बारीक चूक लहान आकड्यात मोठी दिसते. सगळीकडे २७३ वापरलं आणि शेवटचं तापमान ८ धरलं तर ८.४ येतं, चालून जाईल. पण बर्फाच्या बाजूला २७३ आणि २८१ वापरलं, आणि पाण्याच्या बाजूला ३०३.१५ आणि २८१, तर उत्तर ७.६ येतं, म्हणजे जवळजवळ १ नी चुकलं, फक्त ०.१५ च्या सरमिसळीमुळे. त्यामुळे २७३ घ्या नाहीतर २७३.१५ घ्या, पण एकाच गणितात दोन्ही नको, आणि मधले आकडे दोन दशांशापर्यंत तरी ठेवा. मी स्वतः स्प्रेडशीटमधे एका सेलमधे टाकतो म्हणजे मधे राउंडिंगच होत नाही:

```
=33400/273.15 + 418*LN(281.169/273.15) + 1672*LN(281.169/303.15)
```

यात ८.५२ दिसलं पाहिजे.

फ्रीजरमधला बर्फ असेल तर अजून एक तुकडा पुढे लागतो. घरच्या फ्रीजरमधला बर्फ ० ला नसतो, बहुतेक −१८ च्या आसपास असतो. बर्फाची स्पेसिफिक हीट पाण्याच्या निम्मी, साधारण २.१. मग १०० ग्रॅमला −१८ वरून ० ला आणायलाच ३,७८० ज्यूल जातात, शेवटचं तापमान ८ ऐवजी ६.२ येतं, आणि एन्ट्रॉपीत २१० × ln(२७३.१५ ÷ २५५.१५) = +१४.३ हा तुकडा वाढतो. बाकीचे तुकडे नवीन तापमानानं पुन्हा काढावे लागतात, एकूण ९.३ येतं. इथे ४.१८ वापरू नका, गोठलेलं पाणी म्हणजे वेगळा पदार्थ आहे असंच समजायचं.

आता हे घरी करून बघायचं असेल तर. स्टीलचा थर्मास, १ ग्रॅम अचूक दाखवणारा किचनचा डिजिटल काटा, आणि ०.१ अंश दाखवणारा थर्मामीटर एवढं लागतं. ताप बघायचा थर्मामीटर चालत नाही, तो ३२-३५ च्या खाली काही दाखवतच नाही. थर्मामीटर आधी तपासून घ्या, आणि तो बर्फात तपासा, उकळत्या पाण्यात नको. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचावर आहे, इथे पाणी १०० ला उकळत नाही, ९८ च्या जवळपासच उकळतं, आणि कुणी १०० समजून थर्मामीटर दुरुस्त करायला गेलं तर चांगला थर्मामीटर बिघडवून बसेल. बर्फ वितळायचं तापमान मात्र एवढ्या उंचीनं ढिम्म हलत नाही. चुरलेला बर्फ आणि थोडं पाणी ग्लासात घालून ढवळत राहा, दोन-तीन मिनिटांत थर्मामीटर जिथे थांबेल तो तुमचा शून्य, ०.४ दाखवत असेल तर पुढच्या प्रत्येक रीडिंगमधून ०.४ वजा करा.

बर्फ फ्रीजरमधून काढून लगेच टाकायचा नाही, बाहेर ठेवून त्याच्यावर पाणी सुटायला लागलं की समजायचं वरून तरी ० ला आला. खडे लहान असतील तर आतूनही लवकर येतो. मग स्वच्छ कोरड्या फडक्यानं पुसून पटकन वजन करून थर्मासमधे. पुसणं महत्त्वाचं आहे. १०० ग्रॅम म्हणून जे टाकलं त्यात ५ ग्रॅम आधीच पाणी असेल तर तेवढ्याची लेटेंट हीट लागतच नाही आणि शेवटचं तापमान ८.० ऐवजी ८.८ येतं. बर्फाचं वजन सगळ्यात खात्रीनं मिळतं ते शेवटी, थर्मास सकट वजन करून आधीचं वजन वजा करून, कारण काट्यावर ठेवेपर्यंतही तो गळत असतो. झाकण लावून हळू हलवत राहा, बर्फ वर तरंगतो आणि सगळीकडचं पाणी एकाच तापमानाला नसतं, न हलवता घेतलेलं रीडिंग काहीही येऊ शकतं.

आणि आता ते खोटं, जे सुरुवातीला धरलं होतं. थर्मासची आतली स्टीलची भिंत पाण्याबरोबरच ३० ला होती आणि पाण्याबरोबरच थंड झाली, म्हणजे तिनंही उष्णता दिली. भिंत १५० ग्रॅम असेल आणि स्टीलची स्पेसिफिक हीट ०.५ धरली तर ७५ ज्यूल प्रति केल्विन, म्हणजे जणू १८ ग्रॅम पाणी जास्त. तापमान येतं

(१७४७ × ३० − ३३,४००) ÷ (२०९० + ७५) = ८.७८ अंश

ओल्या बर्फानं जेवढं वाढलं जवळजवळ तेवढंच! त्यामुळे ८.८ दिसलं तर दोषी कोण, भिंत की ओला बर्फ, हे एका रीडिंगवरून सांगता येत नाही. भिंतीचा आकडा वेगळा काढावा लागतो, आणि तो बर्फाशिवाय काढायचा. थर्मासमधे २०० ग्रॅम ३० अंशाचं पाणी पाच मिनिटं ठेवा, त्यात ६० अंशाचं २०० ग्रॅम ओता (ओतायच्या अगदी आधी त्याचं तापमान घ्या, किटलीतून काढल्यावर ते भराभर उतरतं). भिंत नसती तर बरोबर ४५ आलं असतं. ४४.४ च्या आसपास आलं तर भिंतीची क्षमता

८३६ × (६० − ४४.३६) ÷ (४४.३६ − ३०) − ८३६ ≈ ७५

हे रीडिंग ०.१ नी चुकलं तरी ७५ चा आकडा बारा-तेरानी हलतो, म्हणून तीन-चार वेळा करून सरासरी घ्या.

भिंत हिशोबात न घेता एन्ट्रॉपी काढली तर काय होतं ते करून बघण्यासारखं आहे. मोजलेलं तापमान ८.७८, म्हणजे २८१.९३ केल्विन. बर्फाची बाजू १२२.२८ + १३.२३, पाण्याची बाजू −१२१.३३, बेरीज १४.२. आता तपासणी: पाण्यानं दिलेली उष्णता १६७२ × २१.२२ म्हणजे ३५,४८० ज्यूल, कमाल मर्यादा १२.९. उत्तर मर्यादेच्या बाहेर! कॅल्क्युलेटर बरोबर, केल्विन बरोबर, ln बरोबर, तरी बाहेर. मग एनर्जीचा ताळा करून बघा, बर्फानं घेतले ३३,४०० + ४१८ × ८.७८ म्हणजे ३७,०७० ज्यूल, पाण्यानं दिले ३५,४८०. १,५९० ज्यूल कुणीतरी तिसऱ्यानं दिलेत. ७५ × २१.२२ करा, तेवढेच येतात. पाण्याच्या बाजूला १६७२ च्या जागी १७४७ घातलं की ती बाजू −१२६.७७ होते आणि एकूण ८.७ येतं.